अजान झाली, पण सुरी थोडी थांबू द्या

रमजानमधल्या दुपारी स्वयंपाक करताना एक अडचण येते, जी इतर अकरा महिन्यांत येत नाही. स्वयंपाक करणाऱ्याचाच रोजा असतो. मीठ बरोबर पडलंय का, तिखट जास्त झालंय का, हे अंदाजानेच ठरवावं लागतं. जिभेच्या टोकावर टेकवून लगेच थुंकून टाकायची मुभा काही जणी घेतात, पण आख्खी कोंबडी आतपर्यंत शिजली की नाही हे जिभेला कळत नाही. मग काय होतं? ओव्हनमधून ट्रे बाहेर काढला की लगेच सुरी घेऊन तंगडीजवळ एक चीर द्यायची आणि आत डोकावून बघायचं. पाणी लालसर दिसलं की ट्रे परत आत. दहा मिनिटांनी पुन्हा चीर. इफ्तारला कोंबडी ताटात येते तेव्हा तिला चार ठिकाणी भोकं असतात, छातीचं मांस लाकडासारखं कोरडं असतं आणि ट्रेमध्ये चहाचा कप भरेल एवढा रस्सा जमलेला असतो.

हे मी दुसऱ्यांच्या घरचं सांगत नाहीये. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालत आलं. वरून पाहुण्यांचा आणि पुरुषमंडळींचा आग्रह, की गरमागरम आणा. अजान संपते न संपते तोच भट्टीतून काढलेली कोंबडी किंवा रान दस्तरखानावर आलं पाहिजे, त्यातून वाफा निघाल्या पाहिजेत, आणि सगळ्यांच्या देखत ते कापलं गेलं पाहिजे. माझं म्हणणं असं आहे की हा हट्ट चुकीचा आहे. आख्खा भाजलेला मोठा तुकडा आचेवरून उतरवल्यावर पंधरा-वीस मिनिटं न कापता ठेवला पाहिजे. आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा थोडा आधीच उतरवला पाहिजे, कारण उतरवल्यावरही तो शिजतच असतो.

यात नवीन काही नाही. शेजारच्या काकूंना मी हे सांगायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अगं, आम्ही बेसनाचे लाडू करतो तेव्हा हेच तर करतो. बेसन हवं तसं भाजलं की गॅस बंद करून भागत नाही. लगेच दुसऱ्या परातीत काढावं लागतं, नाहीतर कढईच्या उष्णतेनेच ते पुढे भाजत राहतं आणि करपट वास येतो.’’ काकू मांसाहार करत नाहीत, पण मुद्दा त्यांच्या क्षणात लक्षात आला. भाताचंही तसंच आहे. भात झाल्यावर झाकण काढून लगेच ढवळला तर शितं मोडतात, म्हणून आपण वाफ जिरू देतो. आपल्या घरांमध्ये ही समज मुळात आहेच. ओव्हनमधल्या भाजलेल्या मांसाच्या बाबतीत मात्र ती विसरली जाते, कारण ओटीजी आपल्या ओट्यावर अलीकडे आला आणि त्याच्याबरोबर आलेल्या पाककृतींमध्ये फक्त ‘अमुक मिनिटं भाजा’ एवढंच लिहिलेलं असतं.

आधी उतरवल्यावरही शिजत राहण्याची गोष्ट बघू. ओव्हन २०० अंशांवर आहे आणि आत सव्वा किलोची कोंबडी आहे. उष्णता बाहेरून आत जाते आणि मांसातून ती सावकाश सरकते. त्यामुळे कोंबडीचं तापमान सगळीकडे सारखं कधीच नसतं. कातडी कुरकुरीत होत असते, तिच्या लगेच खालचा थर नव्वदीच्या आसपास पोचलेला असतो, आणि छातीच्या सगळ्यात जाड भागाचा गाभा त्या वेळी जेमतेम सत्तरीला टेकलेला असतो. अशा वेळी कोंबडी बाहेर काढली तर बाहेरच्या थरातली उष्णता जाणार कुठे? थोडी खोलीतल्या हवेत जाते आणि थोडी आत, म्हणजे गाभ्याकडे जाते. म्हणून ट्रे ओट्यावर असतानाही गाभ्याचं तापमान चढत राहतं. बाहेरचा थर निवतो, आतला तापतो, आणि दोन्ही एकमेकांच्या जवळ आले की चढ थांबून सगळंच हळूहळू निवू लागतं.

किती चढतं? ते तुकड्याच्या आकारावर आणि भट्टीच्या आचेवर अवलंबून असतं. सव्वा किलोच्या कोंबडीत साधारण तीन ते पाच अंश धरावेत. दीड-दोन किलोचं बकऱ्याचं रान जोरदार आचेवर भाजलं असेल तर पाच ते आठ अंशांपर्यंत चढू शकतं. जाडीला महत्त्व आहे, कारण जाड तुकड्याच्या बाहेरच्या भागात उष्णतेचा साठा जास्त असतो. आचेलाही महत्त्व आहे, कारण आच जितकी जोरदार तितकी बाहेरच्या थरात आणि गाभ्यात तफावत जास्त. तेच रान १२० अंशांवर चार तास सावकाश भाजलं तर उतरवल्यावर फारसं चढत नाही, कारण आत-बाहेर आधीच बरंचसं सारखं झालेलं असतं. हे लक्षात ठेवण्याचं कारण असं की आपल्याकडे रमजानात आणि ईदला अनेक जण मसाला लावलेलं रान किंवा कोंबडी गल्लीतल्या बेकरीत भाजायला देतात. बेकरीची भट्टी घरच्या ओटीजीपेक्षा खूप जास्त तापलेली असते. तिथून आणलेला तुकडा घरी पोचेपर्यंत रस्त्यातही शिजत असतो. ‘बेकरीवाल्याने जास्त भाजलं’ अशी तक्रार आपण करतो. पुष्कळदा त्याने बरोबर भाजलेलं असतं, पण आपण ते फॉईलमध्ये घट्ट गुंडाळून, वर टॉवेल बांधून, पाऊण तासाने उघडलेलं असतं.

आता दुसरी गोष्ट, रसाची. मांस म्हणजे बहुतांशी पाणी. कच्च्या कोंबडीच्या छातीत वजनाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. हे पाणी स्नायूंच्या बारीक तंतूंमध्ये धरून ठेवलेलं असतं. मांस तापू लागलं की तंतूंमधली प्रथिनं आकसतात. पन्नास अंशांच्या पुढे हे सुरू होतं आणि साठ-पासष्टच्या पुढे तंतूंभोवतीची वेष्टणंही आकसू लागतात. ओला कपडा पिळावा तसं पाणी तंतूंमधून बाहेर, त्यांच्यामधल्या फटींमध्ये ढकललं जातं. म्हणूनच छातीचं मांस ७४ अंशांवर रसदार लागतं आणि ८४ वर भुशासारखं. त्या दहा अंशांत पिळणं पुष्कळ पुढे गेलेलं असतं.

भट्टीतून नुकत्याच काढलेल्या मांसात हे मोकळं झालेलं पाणी फटींमध्ये असतं, अतिशय गरम असतं आणि पातळ असतं. त्यावर सुरी चालवली की ते सरळ वाहून जातं. वीस मिनिटांत दोन गोष्टी होतात. एक, बाहेरचे थर थोडे निवतात, तंतूंचा पिळा किंचित सैल होतो आणि ते थोडं पाणी धरून ठेवू शकतात. दोन, त्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं आणि जिलेटिन असतं, ते निवताना दाट होतं. पाया केलेल्या कुणालाही हे माहीत आहे. उकळता पाया पाण्यासारखा पातळ असतो, वाडग्यात थोडा निवला की ओठांना चिकटू लागतो आणि फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी सुरीने कापता येतो. मांसाच्या आत तेच छोट्या प्रमाणात घडतं. दाट झालेला रस कापल्यावर धावत सुटत नाही, तुकड्यातच राहतो.

याविषयी एक गैरसमज आहे, तोही सांगते. टीव्हीवर आणि पाककलेच्या वर्गांत सांगतात की भाजताना रस घाबरून मधोमध जातो आणि विसाव्यात तो परत कडेला येतो. तसं काही नसतं. पाणी भरलेल्या स्पंजासारखं मांस आहे. रसाला मधोमध जाऊन जमायला जागाच नसते. याचाच एक जुना भाऊबंद म्हणजे ‘जोरदार आचेवर आधी परतलं की वरचं आवरण बंद होऊन रस आत कोंडला जातो’ हा समज. युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास तो मांडला आणि पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ स्वयंपाकी तो सांगत राहिले. परतल्याने चव आणि रंग येतो, हे खरं. आवरण मात्र बंद होत नाही. परतलेल्या तुकड्यातून तव्यावर चुरचुरत बाहेर येणारं पाणी हा त्याचा रोजचा पुरावा आहे.

आता त्या लाल पाण्याबद्दल, कारण आमच्या घरांमध्ये खरा घोटाळा तिथेच होतो. कापल्यावर लालसर पाणी दिसलं की अम्मी म्हणायच्या, ‘‘अभी खून है, वापस रखो.’’ ही भीती समजण्यासारखी आहे. रक्त आमच्या धर्मात निषिद्ध आहे. पण कुरआनात मनाई आहे ती वाहत्या रक्ताची, आणि जबिहा करताना ते वाहून गेलेलं असतं. मांसात उरतो तो लालसर रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा, जे स्नायूच्या आतच असतं आणि पाण्यात विरघळतं. ते रक्त नव्हे. तापमान चढलं की त्याचा रंग तपकिरी होतो. शिवाय आजची ब्रॉयलर कोंबडी दीड-दोन महिन्यांच्या आतलीच असते, तिची हाडं कोवळी असतात. त्यांच्या मगजातला रंग पाझरून हाडाजवळचं मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबी किंवा काळपट दिसू शकतं, विशेषतः कोंबडी फ्रीझरमध्ये ठेवलेली असेल तर. उलटही होतं. कधी कधी पाणी स्वच्छ दिसतं, पण मांस पुरेसं तापलेलं नसतं. म्हणजे रंगावरून दोन्ही बाजूंनी फसगत होते. आम्ही इतकी वर्षं रंगाकडे बघून कोंबडी परत आत ढकलत राहिलो आणि सुकी कोंबडी खात राहिलो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? टोचायच्या थर्मामीटरवर. काही शे रुपयांना मिळतो, पातळ सुईसारखा असतो आणि त्याने पडलेल्या भोकातून थेंब-दोन थेंबच बाहेर येतात. घरी आणल्यावर एकदा बर्फाच्या पाण्यात बुडवून बघावा; शून्याच्या आसपास दाखवला की ठीक. कोंबडीत तो छातीच्या सगळ्यात जाड भागात बाजूने घालायचा आणि मग मांडी जिथे अंगाला चिकटते त्या खोबणीत. हाडाला टेकवायचा नाही, कारण मग आकडा चुकतो. छातीत दोन-तीन ठिकाणी बघून सगळ्यात कमी आकडा खरा मानायचा. कोंबडी सुरक्षित समजण्यासाठी गाभ्याचं तापमान ७४ अंशांना पोचलं पाहिजे. ते ओव्हनमध्येच पोचलं पाहिजे असं मात्र नाही.

गेल्या वर्षीच्या एका इफ्तारचा हिशोब सांगते. त्या दिवशी मगरिबची अजान पावणेसातला होती. कोंबडी साफ केल्यावर सव्वा किलोची होती, कातडीसकट. हे दुकानात आधीच सांगावं लागतं, कारण आपल्याकडे चिकनवाले न विचारता कातडी सोलून देतात. कातडी नसेल तर वरचं मांस वाळतं, मग तेल जास्त लावावं लागतं आणि पहिला अर्धा तास फॉईल झाकावी लागते. दही, आलं-लसूण, मिरची, धणे आणि मीठ लावून ती रात्रभर फ्रिजमध्ये होती. साडेपाचच्या आत ओटीजी २०० अंशांवर तापवून ठेवला आणि पाच पस्तीसला ट्रे आत गेला. ट्रेमध्ये जाळी ठेवून तिच्यावर कोंबडी ठेवली, म्हणजे खालची बाजू रसात भिजत नाही. सहा वीसला पहिल्यांदा टोचून बघितलं, छाती ५९. सहा बत्तीसला ६७. सहा अडतीसला छाती ७१ आणि मांडी ७७. तेव्हाच ट्रे बाहेर काढला.

पूर्वी मी तो आणखी दहा मिनिटं आत ठेवला असता, ‘राहू दे थोडी, खात्रीला’ म्हणून. या वेळी तिला जाळीसकट ओट्यावर ठेवलं आणि वर फॉईलचा तुकडा तंबूसारखा सैल टाकला. घट्ट गुंडाळायचं नाही, कारण आतली वाफ कोंडून कातडी लिबलिबीत होते आणि तापमानही गरजेपेक्षा जास्त चढतं. थर्मामीटर छातीतच राहू दिला. अजान झाली तेव्हा तो ७४ दाखवत होता. खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडला, फळं खाल्ली, नमाज झाली. मध्ये डोकावले तेव्हा ७५ होता आणि तिथेच थांबला. सात वाजता सुरी लावली तेव्हा ७० वर आला होता. ताटात जेमतेम दोन चमचे रस सांडला. आणि छातीचा जो तुकडा घरात कुणी मागत नाही, तो त्या दिवशी आधी संपला.

आकडे चढून ७४ झाले नसते तर? तर कोंबडी पाच मिनिटांसाठी परत आत गेली असती, एवढंच. आधी उतरवायचं म्हणजे कच्ची खायची असं नाही. म्हणून शेवटचा आकडा बघितल्याशिवाय कापायचं नाही. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांना मी आधी उतरवायला सांगणार नाही. त्यांनी कोंबडी नेहमीसारखी पूर्ण भाजावी आणि विसावा मात्र द्यावा. छाती थोडी कोरडी होईल, पण रस तरी ताटात वाहणार नाही.

इथे मला इफ्तारच्या रिवाजाबद्दल बोलायचं आहे. रोजा सोडल्यावर आम्ही लगेच जेवत नाही. खजूर, पाणी किंवा सरबत, थोडी फळं, मग मगरिबची नमाज, आणि त्यानंतर जेवण, असा बहुतेक घरांमधला क्रम आहे. खजूर आणि जेवण यांच्यामध्ये पंधरा-वीस मिनिटांची फट आपोआप असते. भाजलेल्या मांसाला लागतो तेवढाच हा वेळ. तरीही आम्ही काय करतो? नमाज संपायच्या वेळी मांस भट्टीतून निघेल असा हिशोब धरतो, म्हणजे ‘गरम’ मिळेल. परिणाम असा, की घरातली बाई एक खजूर तोंडात टाकून, ओट्याशी उभ्या-उभ्या दोन घोट पाणी पिऊन ओव्हनकडे वळते. बाकीचे बसून रोजा सोडतात आणि ती वाफाळता ट्रे सांभाळत असते. तिची नमाजही घाईत उरकते. मांस अजानच्या पाच-सात मिनिटं आधी बाहेर काढलं तर ती सगळ्यांबरोबर बसू शकते. ट्रेकडे त्या वेळात कुणी बघायची गरज नसते. उलट न बघणं हेच तेव्हाचं काम असतं. माझ्या मते हा फायदा रसापेक्षा मोठा आहे, आणि गरमागरमचा आग्रह धरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात तो कधी आला असेल.

‘पण मग थंड होतं’ हा आक्षेप मला हमखास ऐकावा लागतो. वर दिलेले आकडे बघा. बावीस मिनिटांनी गाभा ७० अंशांवर होता. घोटभर चहासुद्धा आपण इतका गरम पीत नाही. बाहेरची बाजू नक्कीच निवते आणि कातडीचा कुरकुरीतपणा थोडा कमी होतो, हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे कापायच्या आधी ओव्हन पूर्ण तापवून ट्रे तीन-चार मिनिटं परत आत ठेवायचा. तेवढ्यात कातडी पुन्हा कडक होते आणि गाभ्यापर्यंत उष्णता पोचत नाही. ताटं गरम पाण्याने धुऊन पुसून घेतली तरी बराच फरक पडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माझे दीर म्हणतात, ‘‘भाभी, सांडलेला रस कुठे फुकट जातो? रोटीने पुसून खातो की.’’ त्यांचं निम्मं बरोबर आहे. रस ट्रेमधला असो की ताटातला, तो फेकू नये. त्यावरची चरबी चमच्याने काढून उरलेला रस कापलेल्या मांसावर घालावा किंवा त्यात लिंबू पिळून वेगळा वाढावा. चव परत मिळते. पण घासामध्ये दाताखाली जो ओलावा लागतो तो वरून घातलेल्या रसाने येत नाही. शिवाय पंधरा मिनिटं थांबायला पैसे पडत नाहीत.

रानाचं थोडं वेगळं आहे आणि इथे मला उत्साह आवरला पाहिजे, कारण विसाव्याचा नियम सगळ्या रानांना सारखा लागू होत नाही. आपल्याकडे रान दोन तऱ्हेने होतं. एक, बंद भांड्यात दह्या-कांद्याच्या मसाल्यात तीन-चार तास शिजवलेलं, हाडापासून सुटून येणारं. त्याचा गाभा नव्वदीच्या पुढे गेलेला असतो आणि मांसातल्या चिवट पांढऱ्या पडद्यांचं जिलेटिन झालेलं असतं. त्यात तीन-चार अंश वाढले काय नि न वाढले काय, फरक पडत नाही. विसावा मात्र त्यालाही हवा. भांडं झाकून त्याच मसाल्यात अर्धा तास ठेवावं. उकळतं असताना उपसलं तर ते दोऱ्यांसारखं तुटतं आणि आतून कोरडं लागतं. दुसरं रान म्हणजे कोवळ्या बकऱ्याचं, वरून मसाला लावून भट्टीत भाजलेलं, ज्याचे काप करायचे असतात. इथे उतरवायची वेळ खरी महत्त्वाची. आपल्याला मटण पूर्ण शिजलेलं आवडतं, म्हणजे ७२ च्या आसपास. तर दीड किलोचं रान २०० अंशांच्या ओव्हनमधून ६६ वर काढावं आणि वीस-पंचवीस मिनिटं ठेवावं. कापताना सुरी तंतूंच्या आडवी चालवावी, उभी नव्हे, नाहीतर सगळी मेहनत करूनही घास चिवट लागतो.

मटणाबाबत विसावा हा सुरक्षेचाही भाग आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमात अखंड मटणासाठी ६३ अंश आणि त्यानंतर किमान तीन मिनिटांचा विसावा असं दोन्ही मिळून सांगितलेलं आहे. कारण जंतू फक्त आकड्याने मरत नाहीत, त्या आकड्यावर काही वेळ राहिल्याने मरतात. उतरवल्यानंतरची मिनिटंही शिजण्यातच मोजली जातात ती अशी. मात्र हा नियम अखंड तुकड्याला आहे, जिथे जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिम्याला तो चालत नाही. खिमा करताना बाहेरचं आत मिसळलेलं असतं, म्हणून सीख कबाब आतपर्यंत ७१ अंशांना आचेवरच पोचला पाहिजे. तो बारीक असल्यामुळे उतरवल्यावर त्यात पुढे शिजण्याइतकी उष्णता उरतही नाही. कबाब आणि टिक्का यांना दोन-तीन मिनिटं पुरेत, तीही सळईवरून काढताना तुटू नयेत म्हणून. ते गरमागरमच खावेत. तिथे मी हट्ट करणाऱ्यांच्या बाजूने आहे.

विसावा म्हणजे विसरणं नव्हे, हेही बजावते. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि खोलीत बत्तीस अंशांच्या वर उकाडा असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळी स्वयंपाकघर सहज तेवढं तापलेलं असतं. तरावीहची नमाज संपवून लोक परततात तोपर्यंत ट्रे ओट्यावरच राहतो, ही सवय वाईट. जेवणं झाली की उरलेलं मांस हाडावरून सोडवून, पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये जावं. सहरीला ते आमच्याकडे कांद्यावर परतून चपातीबरोबर खाल्लं जातं, आणि हाडं रात्रीच पाण्यात घालून मंद आचेवर चढतात.